दप्तराची वेळ

शनिवारी दुपारी लेकीचं, म्हणजे बायचं दप्तर धुवायला काढलं. आमच्याकडे पावसात ते वाळायला दोन दिवस घेतं, शनिवार चुकला की सोमवारी ओलंच खांद्यावर. दारापुढच्या बाल्कांवात उलटं करून झटकलं, तर पेन्सिलीची भुसकटं, अर्धा खोडरबर, मे महिन्यातल्या काजूच्या बिया आणि चार घड्या घातलेलं एक पत्रक बाहेर आलं. पालकसभा, शुक्रवारी. तो शुक्रवार होऊन पंधरा दिवस झालेले.

आता यात फोनचा काही दोष नाही. तो बिचारा रोज रात्री साडेआठला वाजतो. पडद्यावर एकच शब्द, ‘दप्तर’. मी तो नेमाने बंद करतो. हाताला बांगड्याची खवलं असली तर कोपराने बंद करतो. पहिल्या आठवड्यात वाजलं की उठायचो, दुसऱ्यात ‘हे एवढं झालं की’ म्हणायचो, आणि मग अंगठा माझ्याआधी पोचायला लागला.

आईकडे फोन नव्हता, पाववाला पोदेर होता. संध्याकाळी त्याचा भोंपू वळणावर वाजला की ती पावाची पिशवी घेऊन उंबऱ्याकडे जाता जाता विचारायची, “उद्या काय न्यायचंय?” दप्तर बघायची नाही, फक्त विचारायची. दप्तराला हात लागायचा तो दिवेलागण होऊन, शुभं करोति आणि जेवण आटोपल्यावर. मग सगळं चटईवर ओतायचं. वरवर चाळणं तिला मान्य नव्हतं. तळाच्या कोपऱ्यात हात घालून ती चिंचोके काढायची आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायची नाही, तेच जास्त लागायचं.

एकाच कामाच्या अशा दोन वेळा का, हे मला कळलं ते गेल्या जुलैत. साडेआठचा गजर बंद करून सव्वानऊला मी शाळेचं कॅलेंडर, म्हणजे बायची सूचनांची डायरी, उघडलं. बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, दहा वेगवेगळी पानं, वहीत चिकटवून. बाहेर पाऊस नळ सोडल्यासारखा. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात छत्री, आणि पानं तोडायला तिसरा हात नाही. फणस, आंबा, जास्वंद, तुळस, विड्याचं पान, कढीलिंब अशी सहापर्यंत मजल गेली. सातव्यासाठी कुंपणाकडे वाकलो तर पायाजवळ काहीतरी सळसळलं. बेडूकच असणार, पण मी सहा पानांवर समाधान मानून आत आलो. ओली पानं डिंकाने चिकटत नाहीत, हे साडेनऊला समजलं. ती इस्त्रीखाली धरावीत ही कल्पना माझीच, आणि तुळशीचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. शेजारच्या वहिनींनी उरलेली चार दिली, वर हसल्याही.

तेच कॅलेंडर साडेपाचला उघडलं असतं तर उजेड होता, नाक्यावरचं स्टेशनरीचं दुकान उघडं होतं, आणि मुख्य म्हणजे बाय जागी होती. रात्री दप्तर भरता येतं, उद्याची वस्तू पैदा करता येत नाही. म्हणून आता कॅलेंडर पोदेराबरोबर आणि दप्तर जेवणानंतर. पोदेर अंगठ्याने बंद होत नाही, एवढा एकच त्याचा गुण.

जेवणानंतर मी वेळापत्रक वाचतो, ती भरते. मी भरत होतो तेव्हा “बाबा, तूच घातलं नाहीस” हे ऐकावं लागायचं. गृहपाठ झालाय का एवढंच बघतो, चुका दुरुस्त करत नाही. एकदा केल्या, तर बाईंना वाटलं हिला भागाकार येतो. तिसरीच्या मुलांना आठवड्याला दोन तासांवर गृहपाठ नको, असं २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात आहे. आमच्याकडे दोन तास पेन्सिल शोधण्यातच जातात. त्याच धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावं असंही आहे. बाय २४ किलोंची, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम झाले. मी काट्यावर आधी नुसता उभा राहिलो, मग दप्तर घेऊन. फरक आला ४ किलोंचा. त्यात लिटरभर पाण्याची भरलेली बाटली होती, आणि शाळेत नळ आहे. गेल्या सत्राच्या दोन वह्या होत्या, त्या का, तर “असूंदेत”. बाटली अर्धी केली आणि वह्या कपाटात टाकल्या, तरी ३ च्या खाली काटा येईना. मग मी माझंच वजन बघत बसलो आणि विषय बदलला.

पोदेर येत नाही त्या दिवशी मात्र सगळं कोलमडतं. परवा आला नाही, आणि काल चित्रकलेच्या तासाला रंग घरीच राहिले. साडेआठचा गजर मी अजून काढलेला नाही. वाजतो, बंद करतो.

दप्तर वाळलं तेव्हा बायने काजूच्या बियांचा हिशेब मागितला. सतरा होत्या म्हणते. माझ्याकडे सोळा आहेत. बाल्कांवाखाली टॉर्च मारून पाहिलं, पुन्हा पावसातच.