आपले नम्र

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात ताईने भाचीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलं. खाली एक ओळ: ‘तात्यांना अजून दाखवलं नाही. आधी तू बघ.’

झोप गेलीच. तात्या म्हणजे दाजींचे मधले भाऊ. थोरले आण्णा, मधले तात्या, धाकटे दाजी. मुलगी दाजींची, पण ‘आपले नम्र’च्या खाली पहिलं नाव आण्णांचं. कोल्हापूरकडच्या आमच्या गावांत ते तसंच असतं. मुलीचा बाप तिसऱ्या नंबरावर असला तरी कुणाला खटकत नाही, कारण गावाला आमंत्रण घराचं जातं आणि घर थोरल्याच्या नावाने ओळखलं जातं. आहेराच्या वहीतसुद्धा नाव त्याचंच. अमक्याच्या पोराच्या लग्नात आपण फेटा घेऊन गेलो होतो, आता तो येतो का बघू, हा सगळा हिशोब थोरल्याच्या खात्यावर. पत्रिकेतून आण्णा गळले तर लोक विचारणार, वाटण्या झाल्या का हो?

मुलाकडची माणसं डोंबिवलीची. त्यांची पत्रिका चार ओळींची. ‘सौ. व श्री.’ अशी आईवडिलांची जोडी, तीही आई आधी, मग मुलगा-मुलगी, हॉलचा पत्ता आणि ‘कृपया आहेर आणू नये’. मुलाचे सख्खे काका तिथेच दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांचं नाव नाही आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही. दाजींना हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग हळूच म्हणाले, “भांडण असंल.”

खरं तर पूर्वी हा प्रश्न यायचाच नाही. मुलीकडचे आपली पत्रिका काढत, मुलाकडचे आपली. त्यांच्यात ‘चि. सौ. कां.’ वर, यांच्यात ‘चि.’ वर. दोन्ही पत्रिका शेजारीशेजारी ठेवून बघायला कोण बसतंय? कुणीतरी हौसेने ‘एकच करू या, कागद वाचेल’ म्हणालं आणि मग आधी कोण, डावीकडे कोण, ‘श्री. व सौ.’ की ‘सौ. व श्री.’ हे सगळं निघालं. विहीणबाईंचा मुद्दा तसा बिनतोड होता. सरकारनेच आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम लावला आहे. त्यावर आण्णा म्हणाले, “मग त्या पोरांची लग्नं होतील तेव्हा तसं छापू.” शेवटी दोन पत्रिका काढायचं ठरलं आणि दोन्ही घरं सुटली. कागद वाचला नाही, सोयरीक वाचली.

आत्याच्या लग्नाच्या वेळी मी वडिलांबरोबर तालुक्याच्या छापखान्यात गेलो होतो. शाईचा आणि रॉकेलचा वास, लाकडी खणांच्या पेट्या आणि चष्मा कपाळावर चढवून त्यांतले अक्षरांचे शिशाचे खिळे उचलणारा कंपोझिटर. वडिलांनी तीन फुलस्केप भरून नावं नेली होती. त्याने ती बघितली आणि म्हणाला, “एवढे ‘श्री’ माझ्याकडे नाहीत.” सोळा पॉइंटातले ‘श्री’ संपल्यावर उरलेल्या मंडळींना बारा पॉइंटातला ‘श्री’ मिळाला, आणि कोण बारीक झालं यावरून एक चुलते जेवायला बसेनात. पण तेव्हा एक बरं होतं. काका शिशाचे होते. एकाला वर घ्यायचं तर बांधलेला मजकूर सोडा, ओळ उचला, खालच्या सरकवा. कंपोझिटर दुसऱ्या प्रुफानंतर हातच लावत नसे. आता डिझाइनवाला पोरगा मोबाइलवर बोट ठेवून आजोबांना सरकवतो, म्हणून आठवं प्रूफ निघतं.

ताईचं प्रूफ मोठं करून बघितलं, तर गडबड लगेच दिसली. भावकीतली बारा नावं तीन रकान्यांत, एकेका रकान्यात चार. ताईने यादी वरून खाली लिहून दिली होती आणि पोराने ती तशीच ओतली होती. म्हणजे उभं वाचलं तर आण्णा पहिले, तात्या दुसरे. पण पत्रिका हातात आली की माणूस आडवं वाचतो. आण्णांच्या शेजारी दुसऱ्या रकान्याच्या माथ्यावर बसले होते वाटणीच्या बांधावरून कोर्टात गेलेले चुलत भाऊ, त्यांच्या पुढे पुण्याचा पुतण्या, आणि तात्या खालच्या ओळीत, चौथे. तात्या ही पत्रिका बघून काय करतील ते मला दिसत होतं. काही बोलणार नाहीत. हळदीच्या दिवशी दाढ दुखायला लागेल.

यावर जुन्या छापखान्यांची तोड सरळ आहे. पहिलं नाव मध्यभागी एकटं, त्याखाली सख्ख्या भावांची एक ओळ, मग बाकीची भावकी रकान्यांत, आणि मामा मंडळी ‘आजोळ’ म्हणून वेगळ्या चौकटीत, म्हणजे त्यांची तुलनाच होत नाही. तळाला ‘नजरचुकीने नाव राहिल्यास क्षमस्व’. नाव नजरचुकीने कधीच राहत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती ओळ लागते.

मी ताईला हे सगळं लिहून पाठवलं आणि मग लक्षात आलं, आक्का कुठेच नाही. दाजींची आई. मुलीच्या नावावर ‘कै. आबांची नात’ असं होतं. आबा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ते पत्रिकेत होते. आक्का ओसरीवर बसून शेवया करत होती, ती नव्हती. मुद्दाम कुणी काढलं नव्हतं. आण्णांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका नमुना म्हणून दिली होती, तिच्यातही ती नव्हती, आणि त्याच्या आधीच्या पत्रिकेतही नसणार. हेरवाड आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा गावागावांत सत्कार झाले, आण्णांनीही भाषण केलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करा असा तो ठराव होता. पत्रिकेचा विषय निघायचं कारण नव्हतं.

भाचीनेच घरच्या ग्रुपवर टाकलं: ‘पहिलं नाव आक्काचं, मध्यभागी. आणि गं. भा. नको, श्रीमती.’ निळ्या खुणा भराभर उमटल्या, उत्तर कुणाचंच नाही. आक्काला विचारलं, तर ती म्हणाली, “माझं नाव त्या खालच्या पोरांच्यात टाका की. यायचं हं म्हणून.”

संध्याकाळी होकार आला, तोही तात्यांचा. आक्का वर गेली की आण्णा दुसऱ्या ओळीत भावांच्या बरोबरीने येतात, हे त्यांच्या आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आण्णांना आईच्या वर बसतो असं म्हणता येईना. नाव तिथे लागलं ते असं. कारण कुठलं का असेना.

आता ‘प्रमुख उपस्थिती’ राहिली आहे. आमदार आधी की साखर कारखान्याचे चेअरमन, यावर बैठक चालू आहे. सुदैवाने त्यात मुलीच्या मामाला कोणी विचारत नाही.