चौदा हजारांचा फरक

तीन दुकानांच्या महिनाभराच्या भरणा पावत्यांच्या ४१ स्थळप्रती टेबलावर होत्या. अंकी रकमांची बेरीज बँकेच्या स्टेटमेंटपेक्षा बरोबर १४,००० रुपयांनी जास्त येत होती. आधी १४,०००ची एखादी पावती दोनदा चढली का ते पाहिलं, मग ७,००० उलट्या बाजूला गेले का तेही. काहीच सापडलं नाही. कारण चूक एक नव्हती, दोन होत्या, आणि बेरजेवरून ते कळत नाही.

मग तक्ता नव्याने मांडला. C मध्ये अंकी रक्कम, D मध्ये अक्षरी रक्कम आकड्यात, E मध्ये मागच्या बाजूच्या नोटांच्या तपशिलाची बेरीज, F मध्ये स्टेटमेंटची रक्कम. शेऱ्याच्या रकान्यात:

```
=IF(AND(C2=D2,D2=E2,E2=F2),"","तपासा")
```

अक्षरी रकाना भरताना मी पावतीवरच्या आकड्यावर कागदाची पट्टी ठेवते आणि C रकाना लपवते. आकडा दिसत असला की डोळा अक्षरं वाचतच नाही, आकड्याचीच खात्री करून घेतो. यात वेळ जातो, पण पट्टीशिवाय भरलेला D रकाना म्हणजे C ची नक्कल.

तीन ओळींवर ‘तपासा’ आलं.

पहिली: C मध्ये ८,३५०, अक्षरी ‘चार हजार तीनशे पन्नास’. पावती पुन्हा पाहिली तर आकडा मराठी चार होता. वरची दोन टोकं जुळल्यामुळे इंग्रजी आठ वाटला. म्हणजे पावती बरोबर, चढवताना माझंच वाचन चुकलं. एकाच पावतीवर मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळले की हे हमखास होतं. मराठी एक आणि इंग्रजी नऊ हीसुद्धा तशीच जोडी. ४,००० मिळाले.

दुसरी: आकडा ७९,०००, अक्षरी ‘एकोणसत्तर हजार’. ‘सत्तर’ कानात राहतं आणि हात सात लिहून जातो. एकोणसाठ, एकोणऐंशी इथेही हाच सापळा आहे. नोटा ५००च्या १३८, म्हणजे ६९,०००, आणि बँकेत जमाही तेवढेच. उरलेले १०,००० इथे होते.

अक्षरी रक्कम खरी धरायची, असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १८ तसं सांगतं खरं, पण ते चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांच्यासाठी. भरणा पावती त्यात बसत नाही. रोख भरण्यात मोजलेल्या नोटा आणि जमा झालेली रक्कम बघायची. म्हणून स्थळप्रतीवर खाडाखोड न करता शेऱ्यात ‘अंकी ७९,०००, अक्षरी, नोटा व जमा ६९,०००’ एवढंच लिहिलं आणि दुकानाला कळवलं.

तिसऱ्या ओळीत अंकी, अक्षरी आणि जमा तिन्ही १२,५००, नोटा मात्र १२,०००. शंभराच्या पाच नोटांची ओळ लिहायची राहिली होती.