जमेची बाजू

"आजीनं त्या महिन्याचे तीनशे रुपये माहेरी पाठवले होते ना? वही तुझ्याकडे आहे, मग एकदा खरं काय ते सांगून का टाकत नाहीस?"

नाही पाठवले. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, आणि या वेळी सगळं लिहितो. दर लग्नात, दर तेरवीला कोणीतरी हे काढतं आणि मी "जाऊ द्या" म्हणून पान वाढायला उठतो. आता नाही उठणार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वही नुसती दुरून पाहिली आहे. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला खर्च, मधोमध पट्टीनं मारलेली उभी रेघ. खर्चाच्या प्रत्येक ओळीत जिन्नस, वजन, रक्कम आणि शेवटी "ह." म्हणजे हस्ते, तो जिन्नस कोणी आणला ते. "फल्लीतेल 3 किलो, ह. बाळ." नागपूरच्या महाल भागातल्या त्या दोन खोल्यांत आठ माणसं जेवत होती, आणि काका त्यांच्या पगारातले दीडशे देत असल्यामुळे दर महिन्याला वही बघायला मागत. म्हणून आजी पैशापैशाचा हिशेब ठेवी.

सप्टेंबर 1983 चं पान मला पाठ आहे. मागील शिल्लक 22.60, आजोबांचा पगार 940, काकांचे 150, एकूण जमा 1112.60. खर्च 1081.20. शिल्लक 31.40. डब्यातही तेवढेच होते. बेरीज चोख होती.

ती बेरीज मीच केली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. ऑक्टोबरचा पहिला रविवार होता, मी अकरा वर्षांचा होतो, गणितात पहिला आलेला. काका म्हणाले, वाच रे मोठ्यानं. मी वाचत गेलो आणि 28 तारखेला थांबलो. तिथं तीन ओळी होत्या. गहू 1 पोतं, 190. फल्लीतेल 4 किलो, 68. लाकडं, 42. मला शहाणपण सुचलं आणि मी म्हणालो, "आजी, गहू तर आपण अक्षय तृतीयेच्या आधीच भरला होता ना?"

बस, एवढंच बोललो. पण ज्यांनी वर्षाचं धान्य भरलेलं पाहिलं आहे त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. आपल्याकडे गहू उन्हाळ्यात घेतात, उन्हं दाखवतात, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरतात. भादव्यात कोणी पोतं आणत नाही. लाकडंही मृगाच्या आधी टालावरून आणून ठेवायची, पावसात ओली लाकडं कोण घेतो? आणि तेल महिन्याच्या सुरुवातीला वहीत एकदा लिहिलेलं होतंच. वाण्याच्या उधारीच्या पुस्तकातही तेवढंच, तीन किलो. काकांनी उठून कोठीचं झाकण काढलं. गहू जेवढा असायला हवा तेवढाच होता, जास्तीचं पोतं नव्हतं.

"काहून आई, तीनशे रुपये गेले कुठं मग?"

आजी काही बोलली नाही. ती तांदूळ निवडत होती. सूप मांडीवर तसंच होतं, फक्त बोटं थांबली होती. मग आत्या म्हणाली, महालक्ष्म्यांना मामा आले होते हिंगणघाटहून, जाताना पिशवी जड होती. झालं. कोणी तिला विचारलं नाही, कोणी मामांना विचारलं नाही. आणि आजोबा खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पान उलटलं. त्या पानाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आजी शेवटी एवढंच म्हणाली, "असेल माझं चुकलं." ते कबुलीसारखं ऐकू आलं, आणि तुम्ही सगळ्यांनी ते तसंच घरोघरी नेलं. मीही नेलं. अठ्ठावीस वर्षं मीही मनात तेच धरून होतो, उलट स्वतःला समजावत होतो की बाईनं भावाला पैसे दिले तर बिघडलं काय. मोठा उदार झालो होतो मी. जी गोष्ट तिनं केलीच नव्हती तिची माफी देत होतो.

ती गेल्यावर वही माझ्याकडे आली. शिवण उसवली होती, म्हणून 2011 मध्ये नवीन पुठ्ठा घालायला घेतली. तिनं पुठ्ठ्याला आतून जुन्या कॅलेंडरचा कागद खळीनं चिकटवलेला होता. तो सुटला आणि मागून चौघडी घातलेली चिठ्ठी निघाली. आजोबांच्या ऑगस्टच्या पगाराची. कपातीच्या रकान्यात "सोसायटी, जामीनदार वसुली, 300". हातात 640.

आजोबा कचेरीतल्या एकाला जामीन राहिले होते. तो कर्ज बुडवून गाव सोडून गेला आणि पतपेढीनं जामीनदाराच्या पगाराला हात घातला. जामिनाची सही करताना घरात कोणाला विचारलं नसावं. पैसे गेले कुठं, हे आपण सगळे उजव्या बाजूला शोधत होतो. ते घरात आलेच नव्हते.

मग ते पान मी पुन्हा वाचलं. काकांना वडिलांचा पगार माहीत होता, म्हणून जमेला 640 लिहिणं शक्य नव्हतं. तिनं 940 लिहिले. डब्यात मात्र तीनशे कमी. शिल्लक जुळायची तर न झालेला तीनशेचा खर्च उभा करावाच लागणार. तो तिनं 28 तारखेला एका बैठकीत केला. बाकीच्या ओळी कधी पेन्सिलीनं, कधी निळ्या शाईनं. या तिन्ही एकाच काळ्या शाईत, एकाच वळणाच्या. आणि तिन्हींपुढे "ह." नाही. पोतं आणलं म्हणायला ती कोणाचं नाव घालणार? खोट्यात दुसऱ्याला ओढणं तिला जमलं नाही. हे मला अकराव्या वर्षी दिसायला हवं होतं. गहू दिसला, हस्ते दिसलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग तिनं सांगितलं का नाही? मला माहीत नाही. नवऱ्याची लाज झाकली म्हणावं, तर तो समोर बसला होता, त्यानं स्वतः बोलायला हवं होतं. आजोबांवर माझा जीव होता. मला सायकल त्यांनीच शिकवली. तरी त्या रविवारचं मला त्यांना माफ करता येत नाही, आणि ते खाली मान घालून बसले होते हेही विसरता येत नाही. कधी वाटतं, त्यांचं नाव ज्या बाईनं एवढ्या कष्टानं झाकलं ते मी आज उघडं करतोय, हे तिला आवडलं नसतं. पण तिच्यावरचा आळ पुसायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

आत्या, तू मागच्या वेळी विचारलंस की आजीच्या पायातल्या तोरड्या तेव्हाच का दिसेनाशा झाल्या. त्याचा कागद या वहीत नाही. कारण त्या रविवारनंतर तिनं हिशेब लिहिलाच नाही. ऑक्टोबरचं पान आहे. वर श्री लिहिलंय, उभी रेघ मारली आहे, डावीकडे मागील शिल्लक 31.40. बाकी पान कोरं आहे.