मक्तेदाराचा पुरवठा वक्र काढा म्हटलं तर

सत्र परीक्षेच्या पेपरांत निम्म्याहून जास्त मुलांनी सीमांत खर्चाची चढती रेषा काढून तिच्यावर ‘मक्तेदाराचा पुरवठा’ असं लिहिलं होतं. स्पर्धेच्या धड्यातली आकृती जशीच्या तशी इकडे आली होती. म्हणून पेपर वाटायच्या तासाला मी तेवढा एकच प्रश्न घेतला.

पुरवठा वक्र एका प्रश्नाचं उत्तर देतो: अमुक किंमत मिळाली तर किती माल विकाल? स्पर्धेतल्या विक्रेत्याला किंमत बाजारातून मिळते, त्यामुळे त्याला हा प्रश्न विचारता येतो. मक्तेदार किंमत आणि नग एकदमच ठरवतो. त्यासाठी तो सीमांत प्राप्ती बघतो, आणि ती मागणीच्या उतारावर अवलंबून असते.

फळ्यावर आधी सोपं उदाहरण घेतलं. सीमांत खर्च सरसकट २० रुपये, मागणी P = १०० − Q. नग ४०, किंमत ६०. उतार निम्मा करून P = १०० − ०.५Q घेतली, तर नग ८० आणि किंमत पुन्हा ६०. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, खर्च स्थिर असेल तर स्पर्धेतही पुरवठा आडवाच असतो. एका किमतीला कितीही नग तिथेही निघतात.” हरकत रास्त होती. उदाहरण पुसलं.

मग चढता सीमांत खर्च घेतला: १० + Q. मागणी P = १०० − Q असेल तर सीमांत प्राप्ती १०० − २Q. दोन्ही समान केले की Q = ३०, किंमत ७०. आता मागणीची रेषा २० नग, ८० रुपये या बिंदूभोवती फिरवून चपटी केली: P = ९० − ०.५Q. सीमांत प्राप्ती ९० − Q, म्हणून Q = ४०, आणि किंमत पुन्हा ७०. खर्चाची रेषा जागची हलली नव्हती. स्पर्धेत याच खर्चाला ७० रुपयांवर ६० नग निघाले असते, दुसरा आकडा नाही.

कारण लवचिकतेत आहे. ७० रुपयांवर पहिल्या मागणीची लवचिकता सुमारे २.३ आहे, दुसरीची ३.५. गिऱ्हाईक जास्त लवचिक, म्हणून खर्चावरची वाढ ३० रुपयांवरून २० वर आली. पण नग वाढल्याने सीमांत खर्च ४० वरून ५० झाला. दोन्ही बदल एकमेकांत जिरले. इथे आकडे मुद्दाम तसे निवडले होते. एरवी रेषा फिरली की किंमतही सहसा हलते.

एका मुलीने तरीही वक्र काढून दाखवला. उतार १ ठेवून मागणी समांतर सरकवली, की सगळे बिंदू P = १० + २Q या रेषेवर येतात. गणित बरोबर होतं. मी म्हटलं, आता उतार ०.५ घे. रेषा आली P = १० + १.५Q. दोन्ही रेषांत ७० घालून तिने नग काढले: ३० आणि ४०. मग ‘पुरवठा’ हा शब्द तिने स्वतःच खोडला.