पुसून टाका म्हणणाऱ्या ताई

वंध्यत्वावरच्या उपचारांबद्दल लोक उघडपणे काय बोलतात, याचा आमच्या संस्थेत अभ्यास चालू होता. त्यासाठी व्हिडिओंखालच्या जाहीर प्रतिक्रिया गोळा होत आणि तो साठा मी सांभाळत असे. एका सकाळी मेल आली: "माझं लिहिलेलं तुमच्याकडे असेल तर काढून टाका. घरी कुणाला माहीत नाही."

सहकारी म्हणाला, "मॅडम, त्यांनी स्वतःच जगासमोर लिहिलंय. कायद्याचं बंधन नाही." 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तशी सूट आहे खरी. पण चारचौघांत बोललेलं कुणीतरी वर्षानुवर्षं जपून ठेवावं, याला त्या ताईंनी कुठे होकार दिला होता? काढायचं ठरलं.

आधी ते खातं त्यांचंच आहे ना, हे बघायला हवं. ओळखपत्र मागवलं असतं तर पुसण्याच्या निमित्ताने आणखी माहिती आमच्याकडे जमा झाली असती. म्हणून त्यांना एक कोड पाठवला आणि तो थोडा वेळ खात्याच्या वर्णनात टाकायला सांगितलं. तो तिथे दिसला, खात्री झाली.

आमच्या तक्त्यात युजरनेम नव्हतं. त्याच्या जागी गुप्त किल्ली वापरून युजरनेमवरून काढलेली खूण, म्हणजे HMAC, होता. साधा हॅश, म्हणजे किल्लीशिवाय काढलेली खूण, इथे पुरत नाही. युजरनेम जाहीर असतात, त्यामुळे कुणीही त्यांचे हॅश काढून जुळवून बघू शकतो. किल्ली वेगळ्या सर्व्हरवर होती. तिच्या मदतीने त्यांचा HMAC काढला.

```
DELETE FROM comments WHERE author_key = :k;
```

त्यांच्या ओळी गेल्या, पण ताई अजून तिथे होत्याच. मजकुरात युजरनेम शोधलं, तर दुसऱ्या एका बाईंनी नाव घेऊन त्यांना धीर दिला होता. तिथलं नाव खोडलं. मग अहवालाचा मसुदा उघडला. त्यात त्यांचं एक वाक्य जसंच्या तसं होतं: आयव्हीएफसाठी दवाखान्यात होते तेव्हा सासूबाईंना टायफॉइड सांगितला. नाव नव्हतं, पण त्या घरातल्या कुणी वाचलं असतं तर नाव लागलंच नसतं. वाक्य काढलं.

बॅकअपमधून मात्र एकच ओळ वेचून काढता येत नव्हती. रोजचा बॅकअप 30 दिवसांनी आपोआप नष्ट होई. म्हणून वगळायच्या खात्यांची यादी केली आणि तिच्यात फक्त HMAC ठेवला. बॅकअप परत चढवला की आधी ती यादी चालवायची. गोळा करणारी स्क्रिप्टही तीच यादी बघते, नाहीतर मूळ प्रतिक्रिया व्हिडिओखाली आहे तोवर ती पुढच्या फेरीत पुन्हा आत आली असती.

संध्याकाळी ताईंना कळवलं: काय काढलं, बॅकअपमधलं कोणत्या तारखेला जाईल, यादीत कोणती खूण राहील आणि का. व्हिडिओखालची प्रतिक्रिया आम्हाला काढता येत नाही, ती त्यांनाच काढावी लागेल, हेही लिहिलं, आणि कुठे दाबायचं ते सोबत दिलं.