गुपचूप निघून जाऊ नका

यंदाचं प्रवेशाचं पत्रक लिहायला बसले आणि एका ओळीवर अडले.

बाकीचं सोपं होतं. ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण हवीत. शाळा बघायला शनिवार ११ आणि रविवार १२ एप्रिल, सकाळी आठ ते दहा. नंतर आमच्या अमळनेरचं ऊन लहान लेकरांना सोसत नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया १९ ला, त्याआधीच तारखा धरल्या. आखाजीला आया लेकरांसह माहेरी जातात, मग शाळा बघायला कोण येणार?

अडले ते 'मुलं रडली तर' इथे. सहकारी बाई म्हणाल्या, "लिहा, दोन दिवसांत रमतात." पालकांना बरं वाटावं म्हणून अशा थापा सगळ्याच शाळा मारतात. मला ते लिहवेना.

गेल्या जूनमध्ये एक आजी नातवाला घेऊन आल्या. तो ठोकळ्यांत रमला होता. आजींनी हळूच विचारलं, "त्याले सांगीसन जाऊ का?" मी म्हटलं, "नका, रडेल. गुपचूप निघा."

पाच मिनिटांनी त्यानं मागे पाहिलं. तो रडला नाही. दप्तर पाठीला तसंच ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. आठवडाभर दप्तर उतरवलं नाही, डबा उघडला नाही, शू आली तरी खिडकी सोडेना. निरोपाच्या वेळी मोठ्यानं रडून दहा मिनिटांत खेळायला लागणारं मूल मला काळजीचं वाटत नाही. न रडता दप्तर धरून बसणारं वाटतं. आपण जरा नजर वळवली की माणूस नाहीसं होतं, हे त्याला कळलेलं असतं, आणि त्याला ते मी शिकवलं होतं.

मग आजींना दोन दिवस वर्गातच बसवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला समोर घेऊन सांगितलं, "तू डबा खाय, मी येस." त्याच्या हातात आपला रुमाल दिला आणि फाटकाबाहेरच्या निंबाखाली दहा मिनिटं थांबल्या. तो फार रडला. डबा संपायच्या आत त्या दारात उभ्या होत्या. 'साडेदहाला येते' याचा तीन वर्षांच्या मुलाला काही अर्थ नाही. 'डबा झाल्यावर' हे त्याला कळतं. मात्र तेव्हा यायलाच हवं. एकदा उशीर झाला की पुन्हा पहिल्यापासून. पुढे वीस मिनिटं, मग तास. दप्तर खुंटीला अडकलं तो दिवस दुसऱ्या आठवड्यातला शनिवार होता.

पत्रकात शेवटी लिहिलं : 'तुमचं मूल रडेल. पहिले दोन दिवस तुम्ही वर्गात बसा. जाताना त्याला सांगून जा, आणि सांगितलं तेव्हाच परत या.'

सहकारी बाईंना अजूनही वाटतं, हे वाचून प्रवेश कमी होतील. झाले तर होवोत. ती ओळ काढणार नाही.

त्या आजी यंदा धाकट्या नातीला आणणार आहेत. त्यांनी तेव्हा विचारलं तेच बरोबर होतं, हे मला त्यांना अजून सांगायचं आहे.