दोन इंचांचा चेहरा

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत माझ्या भाच्याचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक फोटो देतं, तो त्याला तैलचित्रासारखं रूप देऊन कॅनव्हासवर छापतो, लाकडी चौकटीवर ताणून देतो. ऑनलाइन विकायला घ्यायचं ठरलं तेव्हा मालाचं वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलं. "मामा, तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलं, चार ओळी खरडा की. भारी झाल्या पाहिजेत बघा."

त्यानं आधी कुठून तरी उचललेला मजकूर दाखवला. 'आपल्या आठवणींना द्या कलेचा अमर स्पर्श' वगैरे. हे वाक्य केकवर, फोटोफ्रेमवर, लग्नाच्या अल्बमवर, कुठंही चिकटवा, चालतंय. शिवाय खाली लिहिलं होतं, 'हुबेहूब हातानं रंगवलेलं तैलचित्र'. ते मी पहिल्यांदा खोडलं. हे आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांचं गाव. इथं माणूस चित्रासमोर उभा राहिला की विचारतो, "कुणी काढलंय?" आणि उत्तर यायच्या आत बोट फिरवून बघतो. रंगाचा थर बोटाला लागला नाही की विषय संपला. भाचा छापलेल्या कॅनव्हासवर पारदर्शक जेल ब्रशनं लावतो, त्यानं थोडा खडबडीतपणा येतो. पण उजेडात तिरकं धरून बघितलं की जेलचे फटकारे एकीकडे चाललेले दिसतात आणि रंगाचे दुसरीकडे. भिंग लावलं तर शाईचे बारीक ठिपके दिसतात. तेव्हा पहिलंच वाक्य ठरलं: 'हे तैलचित्र नाही, तैलचित्राच्या धाटणीची छपाई आहे.' भाच्याचं तोंड उतरलं.

बाकीचं वर्णन कसं असावं, ते मला दुकानात बसून कळलं. उजळाईवाडीच्या एक बाई आल्या होत्या. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, हॉलसाठी ३० बाय २० इंचाचा कॅनव्हास हवा होता. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवलेला: जुन्या अल्बमचं पान, वरच्या प्लास्टिकसकट मोबाइलनं टिपलेलं. मांडवात बसलेलं अख्खं घराणं, मध्ये नवरा-नवरी.

"काकू, यात सासरे ओळखू येणार नाहीत," भाचा म्हणाला.

"का? मला तर दिसतायत की!"

मोबाइलवर दिसतातच, तिथं सगळं बारीक असतं. भाच्यानं हिशेब मांडला. व्हॉट्सअॅपनं आवळलेल्या त्या फोटोच्या कडा कापल्यावर रुंदीत जेमतेम १५०० पिक्सेल उरत होते. ते ३० इंचांवर पसरायचे म्हणजे इंचाला ५०. सासऱ्यांचा चेहरा १०० पिक्सेल उंच, म्हणजे कॅनव्हासवर दोन इंचांचा. आणि एक डोळा फार तर १५ पिक्सेल रुंद.

साधी छपाई असती तर फोटो नुसता धूसर आला असता. खरी अडचण तैलचित्राच्या फिल्टरमध्ये आहे. तो प्रत्येक ठिपक्याभोवतीचे तुकडे तपासतो, ज्या तुकड्यात रंग सर्वांत सारखा असेल त्याची सरासरी घेतो आणि तिथं भरतो. त्यामुळं ठळक कडा टिकतात आणि आतला बारकावा सपाट होऊन फटकाऱ्यासारखा दिसतो. शालूच्या चुण्या, मांडवाची झालर यांना हे झकास शोभतं. पण फटकारा सात-आठ पिक्सेलचा आणि डोळा पंधराचा, म्हणजे एका डोळ्याला दोनच फटकारे. बुबुळ, पापणी, खालची सुरकुती, सगळं त्यात विरघळतं. फटकारा बारीक केला तर मग तैलचित्राचा भासच जातो. पार्श्वभूमीला मोठा आणि चेहऱ्याला बारीक फटकारा असं भाचा करतो, डोळे-ओठ तर स्क्रीनवर हातानं सावरतो. पण मुळात जे नाही, ते सावरणार कसं?

त्यानं अल्बममधला मूळ फोटो मागवला. ६ बाय ४ इंचाचा, दाणेदार कागदावरचा. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल घेऊन, स्कॅन केल्यावर रुंदीत ३६०० पिक्सेल मिळाले, चेहरा २४० वर गेला. पण स्क्रीनवर मोठा केला तर सासऱ्यांच्या गालावर देवीचे वण यावेत तसे ठिपके! स्कॅनरचा उजेड एका बाजूनं पडतो आणि कागदाचा दाणा न् दाणा चमकतो. फिल्टरला बिचाऱ्याला काय ठाऊक. तो त्या दाण्यांचेही फटकारे करतो. यावर उपाय साधा आहे. फोटोची वरची बाजू खाली येईल असा फिरवून पुन्हा स्कॅन करायचा, दोन्ही प्रती एकमेकींवर तंतोतंत बसवायच्या आणि निम्म्या-निम्म्या मिसळायच्या. एकीत जिथं चमक, तिथं दुसरीत सावली, बरीचशी फिटंफाट होते. मी मान डोलावून बघत होतो. रेघा न् ठिपके जाऊन माणसाची कातडी दिसायला लागली.

तरी ३० इंचांचा हट्ट होताच. मग भाच्यानं निम्मं वऱ्हाड कापलं. नवरा-नवरीपुरता १८०० बाय १२०० पिक्सेलचा तुकडा घेतला आणि १८ बाय १२ इंचांचा नमुना दाखवला. इंचाला १०० पिक्सेल झाले आणि चेहरा जवळजवळ अडीच इंचांचा. कॅनव्हास लहान झाला आणि सासरे मोठे झाले. "आणि आत्याबाई कापल्या त्या?" काकूंनी विचारलं. आत्याबाईंचं काय झालं ते मला माहीत नाही, पण १८ बाय १२ ची ऑर्डर गेली.

या व्यवहारातून वर्णनातल्या कामाच्या ओळी निघाल्या. 'फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुना फोटो असल्यास अल्बममधून काढून दुकानात आणा. मापं आम्ही चेहऱ्यावरून सुचवू, भिंतीवरून नाही.'

एक ओळ फेट्यासाठी घालावी लागली. दीड इंच जाडीच्या चौकटीवर कॅनव्हास ताणताना चारही बाजूंना सुमारे दोन-दोन इंच चित्र वळून मागं जातं. फोटोत डोक्यावर मोकळी जागा नसेल तर नवरदेवाच्या फेट्याचा तुरा वळून छताकडे बघत बसतो. कडेचा भाग आरशासारखा उलटवून जोडता येतो; आकाश किंवा भिंत असेल तर कळतही नाही, पण फेट्याला मात्र दुसरा तुरा फुटतो. अशा वेळी बाजू साध्या रंगाच्या ठेवलेल्या बऱ्या.

आणि पावसाळा. आपल्याकडं जून लागला की भिंती घाम धरतात, कॅनव्हास सैल पडतो, मधोमध पोट सुटल्यासारखा दिसतो. मालात खोट आहे म्हणून लोक परत आणतात. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत छोट्या लाकडी पाचरी असतात, त्या हलक्या हातानं ठोकल्या की ताण पुन्हा येतो. जोरात ठोकल्या तर वळणावरचा शाईचा थर तडकतो. हेही लिहिलं, आणि ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, हेही.

भाच्यानं सगळं वाचलं. "मामा, यात विकायचं कुठं आलं? नुसतं काय होणार नाही तेच सांगितलंय." मग त्यानं मोबाइल घेऊन सगळ्यांत वर स्वतःची ओळ टाकली: 'नाद खुळा क्वालिटी, एकदा येऊन बघाच!' मी ती राहू दिली. दुकान त्याचं आहे.